२० × १० चा बॅनर, ६ × ४ चा फलक आणि एकच जुना फोटो: कामाच्या नोंदी

१ डिसेंबर

आमच्या गावच्या वाचनालयाचा अमृतमहोत्सव जानेवारीत आहे. छपाईची दोन कामं माझ्याकडे आली आहेत. एक म्हणजे स्टेजमागचा बॅनर, २० फूट रुंद आणि १० फूट उंच. दुसरा प्रवेशद्वाराजवळचा इतिहासाचा फलक, ६ फूट × ४ फूट. दोन्हींवर मुख्य चित्र एकच: वाचनालय सुरू झालं त्या वर्षीचा संस्थापक मंडळींचा कृष्णधवल ग्रुप फोटो. बॅनरवर तो १२ फूट रुंद, फलकावर ३ फूट रुंद.

समितीतल्या सगळ्यांचं म्हणणं, "फलकाचं काय, तो लहान आहे, कसाही होईल. मोठ्या बॅनरचं बघा." माझाही तोच समज होता. आकडे मांडल्यावर गाडी उलट्या दिशेला गेली, म्हणून या नोंदी ठेवते आहे.

३ डिसेंबर

सचिवकाकांनी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. भिंतीवरच्या फ्रेमचा, काचेवरूनच मोबाइलने काढलेला. फाइल १६०० × १०६७ पिक्सेल. १२ फूट म्हणजे १४४ इंच. १६०० भागिले १४४, म्हणजे इंचाला ११ पिक्सेल. एकेक पिक्सेल सव्वादोन मिलिमीटरचा होणार. शिवाय काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, तेही नेमकं अध्यक्षांच्या पगडीवर.

हा फोटो बाद. पण बाद म्हणताना "मग किती पाहिजे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. छपाईच्या दुकानात फोन केला तर "तीनशे डीपीआयला करून आणा" एवढंच मिळालं.

४ डिसेंबर

तीनशेचा हिशोब करून पाहिला. २० फूट म्हणजे २४० इंच, १० फूट म्हणजे १२०. इंचाला ३०० प्रमाणे ७२,००० × ३६,००० पिक्सेल. चार शाईंच्या सीएमवायके रंगांत ही फाइल दाबल्याशिवाय दहा जीबीच्या वर जाते. जेपीजीत ती ठेवताच येत नाही, कारण त्या प्रकारात एका बाजूला ६५,५३५ पेक्षा जास्त पिक्सेल मावत नाहीत. साधी टिफ फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. म्हणजे दुकानदार सांगतो ती फाइल प्रत्यक्षात कुणी देत नसणार, आणि तोही ती घेत नसणार.

तीनशे हा आकडा येतो हातात धरून वाचायच्या कागदावरून. नजर चांगली असेल तर डोळ्याला साधारण एक आर्कमिनिट (एका अंशाचा साठावा भाग) एवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. एका फुटावरून पाहिलं तर हे इंचाला २८६ ठिपके भरतात. अंतर दुप्पट झालं की गरज निम्मी. त्यामुळे मी एवढंच सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं:

```
लागणारे पिक्सेल प्रति इंच = 286 ÷ अंतर (फुटांत)
```

आता पिक्सेलच्या आधी अंतर मोजायला हवं.

५ डिसेंबर

टेप घेऊन सभागृहात गेले. बॅनर स्टेजच्या मागच्या भिंतीला लागणार. तिथून स्टेजची पुढची कड ७ फूट, आणि कडेपासून खुर्च्यांची पहिली रांग ८ फूट. म्हणजे सगळ्यात जवळचा प्रेक्षक १५ फुटांवर. २८६ भागिले १५, इंचाला १९ पिक्सेल. १४४ इंचांच्या फोटोला साधारण २,७४० पिक्सेल रुंदी पुरते.

फलक मात्र दारातल्या बोळात लागणार. बोळ अरुंद आहे आणि लोक नावं वाचायला पुढे वाकणार, म्हणजे २ फूट. २८६ भागिले २ म्हणजे १४३. फोटो ३६ इंच रुंद, म्हणजे ५,१५० पिक्सेल रुंदी हवी.

एकाच फोटोला बॅनरवर पावणेतीन हजार पुरतात आणि चारपट लहान आकारात फलकावर पाच हजारांच्या वर लागतात. पुढचं सगळं काम आता फलकाच्या आकड्यावर बेतायचं ठरवलं. तो साधला की बॅनर आपोआप साधेल.

७ डिसेंबर

फ्रेम भिंतीवरून उतरवून मागचा पुठ्ठा काढला. आतला फोटो ९ × ६ इंच, जाड माउंटवर चिकटवलेला. एक कोपरा काचेला चिकटलेला नाही ना, हे आधी तिरक्या उजेडात पाहिलं. चिकटला असता तर ओढायचा नाही, नाहीतर फोटोचा वरचा थर काचेवर राहतो. सुदैवाने मोकळा होता.

माझ्या घरच्या प्रिंटर-स्कॅनरवर ६०० ला स्कॅन केला. ९ × ६०० म्हणजे ५,४०० × ३,६००. आकडा हवा तसाच. संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडला तर चेहरे मऊ, डोळ्यांच्या जागी करडे डाग. १२०० ला पुन्हा केला, फाइल चौपट झाली आणि मऊपणाही तेवढाच मोठा झाला.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. घरगुती प्रिंटरमधले पातळ स्कॅनर बहुतेक सीआयएस प्रकारचे असतात. त्यांना फक्त काचेला अगदी टेकलेलीच वस्तू स्पष्ट दिसते. आमच्या फोटोच्या चारी बाजूंना माउंटची उंच कड आहे, त्यामुळे फोटो काचेपासून दोन-एक मिलिमीटर वर राहतो. दहा रुपयांची नोट काचेला टेकवून स्कॅन केली तर बारीक अक्षरं लख्ख आली, आणि तीच नोट दोन पुठ्ठ्यांवर उचलून धरली तर फोटोसारखीच मऊ. दोष स्कॅनरच्या जातीचा होता, आकड्याचा नव्हे.

यानंतर कुठलाही फोटो "इतक्या पिक्सेलचा आहे" म्हणून घेतला नाही. शंभर टक्क्यांवर उघडायचा, एका चेहऱ्याच्या पापणीपाशी जायचं आणि कड दिसते का पाहायचं.

९ डिसेंबर

माउंट कापायला समितीने नकार दिला, आणि बरोबरच आहे. सीसीडी प्रकारच्या जाड स्कॅनरला थोडी खोली दिसते, पण तसा जवळपास मिळेना. मग भाचीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला, ६००० × ४००० चा.

फोटो भिंतीला टेकवून उभा केला, कॅमेरा तिपाईवर त्याच्या बरोबर मध्यासमोर. दोन बाजूंना दोन सारखे एलईडी दिवे, फोटोच्या पातळीशी ४५ अंशांत, म्हणजे चमक लेन्सकडे न येता बाजूला जाते. खोलीतले बाकीचे दिवे बंद. छिद्र एफ ८, दोन सेकंदांचा टायमर. फोकस लाइव्ह व्ह्यूत मोठं करून हाताने लावला, तोही मधल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या चष्म्याच्या काडीवर. कॅमेरा आणि फोटो समांतर आहेत का, हे फोटोच्या चार कडा चौकटीच्या कडांशी समांतर दिसतात का यावरून पाहिलं. जरा जरी तिरका असला तर एका बाजूचे चेहरे फोकसबाहेर जातात, आणि लहान पडद्यावर ते कळत नाही.

चौकट कापल्यावर हाती आले ५,६०० × ३,७३० पिक्सेल. फलकावर इंचाला १५५, बॅनरवर ३९. आणि आता चष्म्याची काडी दिसते.

११ डिसेंबर

दुकानात गेले. ऑपरेटरने फाइल उघडली, वर ७२ लिहिलेलं दिसलं आणि म्हणाला, "ताई, ही बहात्तरची आहे. तीनशे लागेल."

हा आकडा फाइलमध्ये लिहिलेली फक्त एक चिठ्ठी आहे. ५,६०० पिक्सेल ७२ ने भागले तर ७८ इंच, ३०० ने भागले तर पावणेएकोणीस इंच. पिक्सेल तेच. त्याच्यासमोर फोटोशॉपमध्ये `Image Size` उघडून `Resample` ची खूण काढली आणि रुंदीत ३६ इंच टाइप केलं. खालचा आकडा आपोआप १५५ झाला. खूण तशीच ठेवून ७२ चे ३०० केले असते, तर संगणकाने प्रत्येक बाजूला चौपटीहून जास्त पिक्सेल स्वतःच्या मनाने भरले असते. फाइल सतरापट होते, चष्म्याची काडी तेवढीच राहते.

तो म्हणाला, "पण आपलं मशीन चौदाशे चाळीस डीपीआय आहे." मशीनचा तो आकडा शाईच्या थेंबांचा. मशीनकडे मोजक्याच शाया असतात, त्यामुळे करड्याची एक छटा दाखवायला त्याला एका पिक्सेलच्या जागेत अनेक थेंब टाकावे लागतात. मशीन १४४० चं म्हणून फोटो १४४० चा लागत नाही. तो हसला, म्हणाला, "गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाइलचा स्क्रीनशॉट आणतं, म्हणून आम्ही सरसकट तीनशे सांगतो." त्याच्या बाजूने ते बरोबर आहे.

सगळ्या आलेल्या फोटोंचे पिक्सेल एकदम पाहायला ImageMagick प्रोग्रामची ही आज्ञा चालवते, प्रत्येक फाइल उघडत बसावं लागत नाही:

```
magick identify -format "%f  %w x %h\n" *.jpg
```

१४ डिसेंबर

बॅनरच्या उजव्या कोपऱ्यात प्रमुख पाहुण्यांचा फोटो ३ फूट उंच हवा. त्यांच्या कार्यालयाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर चौकोनी फोटो आला, ६४० × ६४०. हिशोब केला: ६४० भागिले ३६ म्हणजे इंचाला जवळजवळ १८. पंधरा फुटांसाठी १९ हवेत. म्हटलं, चालून जाईल.

चालला नाही. घरी पडद्यावर तपासायची माझी रीत अशी: माझ्या २४ इंची मॉनिटरवर इंचाला ९२ पिक्सेल आहेत. फोटो छापल्यावर इंचाला १८ होणार असेल तर ९२ भागिले १८, म्हणजे साधारण ५१० टक्के मोठा केला की पडद्यावर तो खऱ्या छापील आकाराचा दिसतो. मग हॉलमधून उलट चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं, तिथून १५ फूट होतात. पिक्सेल तिथून खरंच दिसत नव्हते. पण गालावर आणि कपाळावर चौकोनी ठिगळं स्पष्ट दिसत होती.

जेपीजी फोटोला ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत तोडून दाबतं. फोटो पुन्हापुन्हा पाठवला, साठवला, पाठवला की या चौकटींच्या कडा उमटतात. इंचाला १८ पिक्सेल असताना एक चौकट ११ मिलिमीटरची होते. पंधरा फुटांवरून डोळ्याला सव्वा-दीड मिलिमीटरपर्यंतचं कळतं, तर ११ मिलिमीटर कळणारच. म्हणजे माझं सूत्र ज्या फोटोला लागू आहे तो स्वच्छ हवा. दाबून चिपाड झालेल्या फोटोत पिक्सेल मोजण्यात अर्थ नाही.

पुन्हा फोन करून मूळ फाइल "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगितलं. पाठवताना गॅलरीऐवजी `Document` निवडलं की व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबत नाही. ३०२४ × ४०३२ ची फाइल आली. त्यात चार दिवस गेले, कारण मूळ फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे हेच कार्यालयाला ठाऊक नव्हतं.

१९ डिसेंबर

फलकासाठी रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतला पुस्तकदिंडीचा फोटो हवा होता. मूळ फोटो कुणाकडेच नाही. स्मरणिकेतला फोटो साडेतीन इंच रुंद आणि जुन्या ब्लॉकने छापलेला. भिंगाखाली पट्टी ठेवून ठिपके मोजले, सेंटिमीटरला ३३ च्या आसपास, म्हणजे इंचाला सुमारे ८५. साडेतीन इंचांत ३०० ठिपके. त्या कागदावर याहून जास्त माहितीच नाही, मग स्कॅन ६०० ला करा की २४०० ला.

ठिपके पुसून पाहिले. थोडं धूसर करून आकार कमी केला की ठिपके जातात, पण त्यांच्याबरोबर माणसंही जातात. उलट, तसाच मोठा केला तर दोन फुटांवरून माणसं न दिसता ठिपकेच दिसतात. समितीला हा फोटो फूटभर रुंद हवा होता.

मी स्मरणिकेचं आख्खं पान उघडं ठेवून, घड्या आणि पिवळेपणासकट कॅमेऱ्याने टिपलं आणि फलकावर पान म्हणूनच जवळजवळ मूळ आकारात लावलं. छापील पान म्हटलं की ठिपके कुणाला खटकत नाहीत. समितीतल्या दोघांना हे पटलं नाही, पण फूटभराचा नमुना कागदावर काढून दाखवल्यावर विषय संपला.

२२ डिसेंबर

नमुने. ही पायरी कितीही घाई असली तरी सोडू नका. दोन्ही कामांतून फोटोचा ए-४ एवढाच तुकडा, खऱ्या आकारात कापून घेतला. बॅनरवर एक चेहरा ८ इंचांचा येतो, म्हणजे ए-४ मध्ये एकच चेहरा मावतो. फलकावरचे चेहरे दोन इंचांचे, त्यात रांगेचा एक तुकडा येतो. घरच्या प्रिंटरवर काढून एक सभागृहात भिंतीवर आणि एक बोळात चिकटवला. बॅनरचा चेहरा हातात धरला तर भुरकट, पहिल्या खुर्चीवरून लख्ख. फलकाची रांग दोन फुटांवरून छान.

मग दुकानात खऱ्या मालावर. दर असे मिळाले: स्टार फ्लेक्स चौरस फुटाला १८ रुपये, इको-सॉल्व्हंट व्हिनाइल सनबोर्डवर चिकटवून आणि मॅट लॅमिनेशनसकट ९० रुपये. आधी बेत होता की दोन्ही स्टार फ्लेक्सवर करू, फलक साडेचारशेच्या आत होईल. फलकाच्या रांगेचा फ्लेक्सवरचा नमुना हातात आला आणि तो बेत तिथेच मोडला. फाइल इंचाला १५५ ची, घरच्या कागदावर उत्तम, पण फ्लेक्सच्या मोठ्या मशीनचे थेंब जाडे. दोन फुटांवरून गालांवर वाळू सांडल्यासारखी रवाळ छपाई दिसते. फ्लेक्सचं कापडही आतल्या जाळीमुळे खरखरीत. इथे फाइल कितीही सुधारली तरी उपयोग नव्हता.

तोच तुकडा बारीक थेंबांच्या इको-सॉल्व्हंट मशीनवर काढला, तर चष्म्याची काडी परत आली. फलक त्यावरच करायचा, खर्च २,१६० रुपये. खजिनदारांना फ्लेक्सचा आणि व्हिनाइलचा असे दोन्ही तुकडे नेऊन दाखवले, दर मागाहून सांगितला.

२६ डिसेंबर

अंतिम फाइली. फोटोच्या हिशोबात अक्षरं धरू नका. करड्या गालाला इंचाला ३९ पिक्सेल पुरतात, पण काळ्यावर पांढऱ्या देवनागरीच्या वेलांटीची कड मात्र पायऱ्यांसारखी दिसते, आणि स्टेजवर बक्षीस घ्यायला येणाऱ्यांना ती चार फुटांवरून दिसणार. अक्षरं कोरलड्रॉमध्ये लिहिली आणि कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत, बदलली. आमच्या फाँटवर दुकानातल्या संगणकाचा भरवसा नाही, जोडाक्षरं फुटतात.

फलकाची पीडीएफ दिली, त्यात अक्षरं कर्व्हच राहतात. बॅनरला दुकान टिफच घेतं, म्हणून पूर्ण बॅनर इंचाला ७२ ने काढला: १७,२८० × ८,६४०. हे ७२ अक्षरांसाठी आहे. आतला फोटो ३९ चाच आहे, तो यात नुसता ताणला जातो आणि त्याने बिघडत नाही. फाइल दाबल्याशिवाय ६०० एमबीच्या जवळ, एलझेडडब्ल्यू पद्धतीने दाबून पेनड्राइव्हवर नेली.

शेजारच्या टेबलावर एकाची फाइल एकदशांश मापात होती, २४ × १२ इंच, "तीनशेला केलीय" म्हणत होता. दहापट झाल्यावर ते तीस राहतात. त्याच्या बॅनरवर खाली पत्ता आणि फोन नंबर बारीक अक्षरांत होते. त्याला ते सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण ऑपरेटरने मान डोलावली.

१० जानेवारी

बॅनर लागला, ३,६०० रुपये. पहिल्या रांगेतून संस्थापकांचे चेहरे ओळखू येतात, पाहुण्यांच्या गालावर ठिगळं नाहीत. कार्यक्रम संपल्यावर लोक स्टेजवर जाऊन बॅनरपुढे फोटो काढत होते. चार फुटांवर ७१ लागतात, आपल्याकडे ३९, त्यामुळे जवळून चेहरे मऊ दिसतात. कुणी तक्रार केली नाही. फलकापुढे मात्र गर्दी हटेना. लोक बोट टेकवून नावं शोधत होते, लॅमिनेशनमुळे निभावलं.

१३ जानेवारी

समितीचा नवा प्रस्ताव: बॅनरमधला फोटोचा भाग कापून वाचन कक्षाच्या भिंतीवर कायमचा लावू, फ्लेक्स वाया जाणार नाही. कक्षात टेबल आणि भिंत यांत ३ फुटांची वाट आहे. २८६ भागिले ३ म्हणजे ९५, आणि बॅनरवर ३९. शिवाय रवाळ फ्लेक्स. मी नको म्हटलं.

हिशोब उलटा केला: ५,६०० पिक्सेल भागिले ९५ म्हणजे ५९ इंच. त्या भिंतीवर हा फोटो जास्तीत जास्त साधारण पाच फूट रुंद होऊ शकतो. पाच फुटांना उंची तीन फूट चार इंच, दुकान साडेतीन धरतं, म्हणजे साडेसतरा चौरस फूट, १,५७५ रुपये. इको-सॉल्व्हंटवर, मॅट लॅमिनेशन, खिडकी समोर आहे म्हणून ग्लॉस नको. ऑर्डर दिली आहे. मूळ फाइल `5600x3730` असं नाव देऊन वाचनालयाच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवली आहे.